धागा: साइटवर येऊन गेलेला माणूस पुन्हा गूगलवर हापूस शोधतो, तेव्हा बिड किती वाढवावी?

देवगडचा_बाबू · ९ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. आमच्या साइटवरून देवगड हापूसच्या पेट्या मुंबई, पुणे आणि बंगळूरला जातात. गूगलवर सर्चची मोहीम आहे, Manual CPC वर, मूळ बिड ₹१२. गेल्या सीझनला "साइटवर आलेले सगळे" अशी ५४० दिवसांची यादी Observation मध्ये जोडली होती. बिडला हात लावला नव्हता, फक्त आकडे जमू दिले.

मार्च-एप्रिलचे आकडे असे: यादीतल्या लोकांचे ११०० क्लिक, त्यातून ६६ ऑर्डरी. यादीबाहेरच्यांचे ५२०० क्लिक, ११४ ऑर्डरी. म्हणजे ६ टक्के विरुद्ध साधारण २.२ टक्के. एका ऑर्डरमागे जाहिरातीवर ₹४५० खर्च परवडतो, त्यापुढे नाही.

जुने पाहुणे पावणेतीनपट चांगले निघतात, तर त्यांच्यावर +175% लावून टाकू का? या महिन्याच्या अखेरीस मोहीम सुरू करायची आहे.

---

पार्लेकर_मिहिर · ९ फेब्रुवारी

बिनधास्त लाव बाबू. उलट मी म्हणेन, Observation काढून Targeting कर, म्हणजे पैसा फक्त ओळखीच्या लोकांवर जाईल. आमच्याकडे कपड्यांच्या दुकानाची मोहीम Target ROAS वर आहे. कार्टपर्यंत येऊन परतलेल्यांवर +300% लावलंय आणि त्या यादीतून ऑर्डरी सुरेख येतात.

---

क्लिकचा_हिशेब · ९ फेब्रुवारी

मिहिर, यातल्या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, नाहीतर बाबूंचा सीझन हातचा जाईल.

पहिली गोष्ट. चालू मोहिमेत Targeting केलं की यादीबाहेरच्या माणसाला जाहिरात दिसणंच बंद होतं. बाबूंच्या १८० ऑर्डरींपैकी ११४ यादीबाहेरून आल्या आहेत, त्यांच्यावर पाणी सोडावं लागेल. कुणाच्या हातून चुकून झालं तर ओळखायला सोपं आहे: त्याच दिवशी इंप्रेशन धाडकन खाली येतात आणि कीवर्ड, बिड, बजेट सगळं जागच्या जागी असतं. Targeting वापरायचं तर त्यासाठी मोहीम वेगळी काढायची.

दुसरी. Target ROAS, Target CPA किंवा Maximize conversions अशा कुठल्याही स्मार्ट बिडिंगमध्ये यादीवर लावलेला टक्का वापरला जात नाही. रकान्यात +300% दिसतो, पण लिलावाच्या वेळी यंत्रणा स्वतःचाच अंदाज लावते. तुमच्या कार्टवाल्यांच्या ऑर्डरी चांगल्या येत असतील, ते खरंच आहे. त्या कार्टवाले असल्यामुळे येतात, +300% मुळे नाही. तो टक्का काढून पाहा, फरक पडणार नाही.

बाबूंची मोहीम Manual CPC वर आहे, तिथे टक्का खरोखर लागू होतो. पण +175% हा आकडा चुकीच्या भागाकारातून आला आहे. ११०० आणि ५२०० क्लिकांमध्ये तुमच्या साइटचं नाव टाइप करून आलेले किती, ते सांगाल का? हिशेब त्यानंतर.

---

पार्लेकर_मिहिर · १० फेब्रुवारी

टक्का लागू होत नाही हे ठाऊक नव्हतं, बरं झालं बोललात. पण मग Target ROAS वाल्यांनी याद्या जोडायच्याच कशाला?

---

क्लिकचा_हिशेब · १० फेब्रुवारी

जोडायच्या, त्यातून अहवाल तर मिळतो. आणि गटागटाला वेगळं वजन द्यायचं असेल तर रस्ते दोन. एक, त्या यादीसाठी Targeting लावून वेगळी मोहीम काढायची, तिला वेगळं टार्गेट द्यायचं आणि मूळ मोहिमेतून ती यादी वगळायची. दोन, conversion value rules: अमुक यादीतल्या माणसाची ऑर्डर दीडपट मोलाची धर, असं यंत्रणेला सांगता येतं. दुसरा रस्ता तेव्हाच घ्या, जेव्हा ती ऑर्डर तुम्हाला खरंच दीडपट मोलाची असेल. नुसती बिड वर ढकलायला खोटं मोल सांगितलंत तर पुढचे सगळे अहवाल बिघडतात.

---

स्नेहल_नाशिक · १० फेब्रुवारी

मध्येच विचारते. माझ्या बहिणीचं वंध्यत्व उपचारांचं क्लिनिक आहे. साइटवर आलेल्या बायकांना नंतर बातम्यांच्या साइटवर बॅनर दाखवायचे आहेत. ते याच यादीने होईल का?

---

टॅग_तपासनीस · १० फेब्रुवारी

ताई, इथे विषय बॅनरचा नाही. तोच माणूस पुन्हा गूगलवर काही शोधतो तेव्हाच्या बिडचा आहे. पण तुमच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर एकच आहे: नाही. आजार, उपचार, वंध्यत्व हे गूगलच्या वैयक्तिक जाहिरातींच्या धोरणात संवेदनशील मानले जातात. अशा साइटच्या पाहुण्यांची यादी करून तिच्यावर जाहिरात दाखवता येत नाही, सर्चमध्येही नाही. जो शब्द शोधला जातोय त्यावर, आणि शहर बघून, साधी सर्च जाहिरात चालते. तेवढ्यावर भर द्या.

---

देवगडचा_बाबू · ११ फेब्रुवारी

नावाच्या कीवर्डचे आकडे काढले. यादीतल्या ११०० पैकी ४०० क्लिक आमच्या साइटच्या नावावर, त्यातून ३८ ऑर्डरी. यादीबाहेरच्या ५२०० पैकी २०० क्लिक नावावर, १४ ऑर्डरी.

---

क्लिकचा_हिशेब · ११ फेब्रुवारी

हेच हवं होतं. आता नाववाले बाजूला काढा.

"हापूस आंबा ऑनलाइन", "devgad hapus pune", "alphonso mango box" अशा शोधांवर उरले ते:

यादीतले ७०० क्लिक, २८ ऑर्डरी, म्हणजे ४ टक्के.
यादीबाहेरचे ५००० क्लिक, १०० ऑर्डरी, म्हणजे २ टक्के.

पावणेतीनपट वाटत होतं ते दुप्पट निघालं. जुना पाहुणा तुमचं नाव टाइप करूनच परत येतो, आणि तो बहुतेक वेळा जाहिरात नसली तरी आला असता. त्याच्या ३८ ऑर्डरींनी यादीचा टक्का फुगवला होता. म्हणून नावाचे कीवर्ड वेगळ्या मोहिमेत ठेवा आणि तिथे यादीवर एक टक्काही वाढवू नका.

आता बिड. ₹४५० परवडतात, तर ४ टक्केवाल्याचा क्लिक ₹१८ चा आणि २ टक्केवाल्याचा ₹९ चा. तुमची मूळ बिड आहे ₹१२. ती आली कशी? सगळं एकत्र धरलं तर ६३०० क्लिकांना १८० ऑर्डरी, २.८६ टक्के, त्याला ४५० ने गुणलं की पावणेतेरा. म्हणजे ही बिड जुने, नवे आणि नाववाले यांची सरासरी आहे. यादी वेगळी काढून तिची बिड वाढवलीत तर उरलेल्यांची सरासरी आपोआप उतरते, पण त्यांची बिड ₹१२ वरच राहते. बहुतेकांचा पैसा इथे गळतो. यादीवर वाढ करतात आणि मूळ बिड खाली आणायची राहून जाते. तुमच्या बाबतीत मूळ बिड ₹९ आणि यादीवर +100% असं कागदावर जमतं.

मी "कागदावर" म्हणालो, कारण ₹१८ ही वरची हद्द आहे. तिथपर्यंत जाणं फायद्याचं आहे की नाही हा वेगळा प्रश्न. तो उद्या लिहितो, त्याला जागा लागेल.

---

टॅग_तपासनीस · ११ फेब्रुवारी

त्याआधी यादीत कोण शिरलंय ते बघा. "सगळे पाहुणे" म्हटलं की ऑर्डरचा ट्रॅकिंग नंबर बघायला आलेला माणूस, "आंबे घरी कसे पिकवावेत" हा लेख वाचून गेलेला माणूस, आणि पेटी कार्टमध्ये टाकून पिनकोड अडल्यामुळे परतलेला माणूस, सगळे एका पंगतीला बसतात. Audience manager मध्ये पत्त्यावरून तीन याद्या करा: पेटीचं पान किंवा कार्ट पाहिलेले, ऑर्डर पूर्ण केलेले, आणि फक्त लेख वाचलेले.

तीन याद्या एकाच अॅड ग्रुपवर लावल्यात आणि एक माणूस दोन याद्यांत असला तर टक्के एकमेकांत मिसळत नाहीत, त्यातला मोठा लागू होतो. लेखवाल्यांवर -40% आणि कार्टवाल्यांवर +50% असेल तर दोन्हींत असलेल्याला +50% मिळेल. आपल्याला तेच हवं असतं, म्हणून बरं आहे. मात्र एखादी यादी पूर्ण वगळलीत तर वगळणंच जिंकतं, मग तो कार्टवाला असला तरी जाहिरात दिसणार नाही.

दुसरं, ऑर्डर पूर्ण केलेल्यांची यादी खरंच भरते का, ते तपासा. पैसे भरायला ग्राहक पेमेंटवाल्याच्या पानावर जातो आणि तिथूनच टॅब बंद करतो. तुमच्या "धन्यवाद" पानावरचा टॅग चालतच नाही, आणि विकत घेतलेला माणूस "न घेतलेल्यां"च्या यादीत पडून राहतो. ओळखायची खूण: महिन्याच्या खऱ्या ऑर्डरी वहीत मोजा आणि यादीच्या Search रकान्यातल्या आकड्याशी ताडून बघा. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, पण वहीत तीनशे आणि यादीत चाळीस असेल तर टॅग चुकतोय. एक खरी ऑर्डर टाकून Tag Assistant उघडा, शेवटच्या पानावर टॅग पेटतो का ते लगेच कळेल.

यादी फार लहान असेल तर गूगल ती सर्चमध्ये वापरतच नाही. बरीच वर्षं ३० दिवसांत १००० सक्रिय लोक ही अट होती. आज तुमच्या खात्यात काय लागू आहे ते यादीच्या नोंदीतच दिसतं: Too small to serve लिहिलं असेल तर तिच्यावर टक्का लावणं व्यर्थ.

---

कोकणकन्या_डोंबिवली · ११ फेब्रुवारी

आमचंही आंब्याचंच आहे, पण यादी ३० दिवसांची होती, आपोआप तीच आली होती. आता ५४० केली तर गेल्या वर्षीचे लोक परत येतील का? फेब्रुवारीत यादी अगदी रिकामी दिसते.

---

टॅग_तपासनीस · १२ फेब्रुवारी

नाही येणार. मुदत संपून बाहेर पडलेला माणूस मुदत वाढवून परत आत येत नाही, तो साइटवर पुन्हा आला तरच येईल. नवी यादी करताना मागच्या ३० दिवसांचे लोक भरून घ्यायची सोय आहे, पण आंब्याला जानेवारीतले पाहुणे किती असणार? आज ५४० करून ठेवलंत तर फळ पुढच्या सीझनला मिळेल.

या सीझनसाठी एकच वाट आहे, ती म्हणजे Customer Match. गेल्या वर्षीच्या ग्राहकांचे ईमेल आणि फोन नंबर चढवायचे, फोन +91 धरून. ज्या नंबरवर किंवा ईमेलवर त्यांचं गूगल खातं आहे तेवढेच जुळतात, म्हणून यादी वहीपेक्षा लहान दिसेल. एक फायदा असा की मधल्या काळात माणसाने फोन बदलला असेल तर कुकीवाली यादी त्याला विसरते, ही विसरत नाही. फक्त ज्यांनी संपर्काला संमती दिली आहे त्यांचेच नंबर चढवा.

---

क्लिकचा_हिशेब · १२ फेब्रुवारी

बाबू, कालचं राहिलेलं.

बिड वाढवली की दोन गोष्टी होतात. काही नवे क्लिक मिळतात, आणि जे क्लिक आधीही मिळत होते तेही महाग होतात. अहवालात मात्र सगळ्यांची सरासरी दिसते, त्यामुळे नव्या क्लिकांना खरी किंमत किती पडली ते झाकलं जातं.

उदाहरणासाठी आकडे धरून चालू, तुमच्या यादीचे ७०० क्लिक घेऊन. समजा ₹१२ बिडवर सरासरी क्लिक ₹९.५० ला पडला, खर्च ₹६,६५०. आता +25% करा, बिड ₹१५. समजा क्लिक ७७० झाले आणि सरासरी ₹१०.२० झाली. खर्च ₹७,८५४. जास्तीचे ७० क्लिक, जास्तीचा खर्च ₹१,२०४. म्हणजे एक नवा क्लिक ₹१७.२० ला. तुमचा क्लिक ₹१८ चा आहे, तर हे जेमतेम बसलं.

पुढची पायरी +50%, बिड ₹१८. समजा क्लिक ८२०, सरासरी ₹११.८०, खर्च ₹९,६७६. नवे क्लिक फक्त ५० आणि त्यांना ₹१,८२२, म्हणजे प्रत्येकी ₹३६ च्या वर. सरासरी ₹११.८० बघून कुणालाही वाटेल की अजून ₹१८ पर्यंत वाव आहे. प्रत्यक्षात हे ५० क्लिक दुप्पट भावाने घेतले गेले.

म्हणून एकदम ₹१८ वर उडी नको. मूळ बिड ₹९ वर आणलीत तर तीच ₹१५ साधारण +65% होते, तिथून सुरुवात करा. पुढच्या प्रत्येक पायरीला एवढंच विचारा: जास्तीचा खर्च भागिले जास्तीचे क्लिक, ₹१८ च्या आत आहे का?

यात एक अडचण खास आंब्याची आहे. मार्चचा पहिला आठवडा आणि एप्रिलचा दुसरा यांची तुलना होत नाही. शोध वाढतात, भाव उतरतो, पाडव्याला आणि अक्षय्य तृतीयेला एकदम उसळी येते. "आधी-नंतर" बघून निष्कर्ष काढलात तर सणाचं श्रेय बिडला जाईल. त्यापेक्षा Experiments मध्ये Custom experiment काढा, निम्मे लोक जुन्या बिडवर, निम्मे नव्या. वाटणी Cookie-based ठेवा, म्हणजे एकच माणूस सकाळी या बाजूला आणि संध्याकाळी त्या बाजूला जाणार नाही. दोन्ही बाजूंचा यादीचा तक्ता शेजारी ठेवून वरचा भागाकार करायचा.

---

देवगडचा_बाबू · १२ फेब्रुवारी

हा भागाकार कुणी सांगितला नव्हता. आता एक सांगा. त्या ७०० क्लिकांमध्ये त्याआधी पेटी घेतलेल्यांचे २०० क्लिक होते, १४ ऑर्डरी. म्हणजे ७ टक्के! न घेतलेल्यांचे ५०० क्लिक, १४ ऑर्डरी. तर जुन्या गिऱ्हाइकाला वेगळी, जोरदार बिड लावू ना?

---

क्लिकचा_हिशेब · १२ फेब्रुवारी

१४ ऑर्डरींवर इतका भरवसा ठेवू नका. तेच लोक, तोच आंबा, पण वेगळे दोन महिने असते तर नुसत्या योगायोगाने १४ च्या जागी ८ किंवा २० सहज आल्या असत्या. म्हणजे ७ टक्के हा ४ ते १० मधला कुठलाही आकडा असू शकतो. याद्या वेगळ्या जरूर ठेवा, अहवाल वेगळा जमू द्या, पण या सीझनला दोन्हींवर एकच टक्का लावा.

---

पार्लेकर_मिहिर · १३ फेब्रुवारी

मला तर वाटतं जुन्या गिऱ्हाइकाला जाहिरातीतून पूर्ण वगळावं. त्याचा नंबर तुमच्याकडे आहे. पहिली पेटी उतरली की व्हॉट्सअॅपवर एक मेसेज, काम झालं. त्याच्या क्लिकला गूगलला पंधरा रुपये का द्यायचे?

---

कोकणकन्या_डोंबिवली · १३ फेब्रुवारी

मिहिरदादा, मेसेज जातो, पण वाचला जातोच असं नाही. मार्चमध्ये प्रत्येकाच्या फोनवर दहा आंबेवाल्यांचे मेसेज असतात. गिऱ्हाईक त्यातला आमचा शोधत बसत नाही, सरळ गूगलवर "हापूस पेटी" टाकतं आणि वर जो दिसेल त्याच्याकडून घेतं. नाव आठवत असतं तर नावच टाकलं असतं ना. अशा वेळी आम्ही दिसायलाच हवं.

---

टॅग_तपासनीस · १३ फेब्रुवारी

मधला मार्ग असा. पेटी घेतल्यावर आठ-दहा दिवस घरात आंबे असतात, तेव्हा तो माणूस शोधत असेल तर पेटी कुठवर आली हेच बघत असतो. म्हणून ऑर्डर पूर्ण केलेल्यांच्या दोन याद्या करा, एक १० दिवसांची आणि एक ५४० दिवसांची. १० दिवसांची वगळायची, ५४० ची ठेवायची. अकराव्या दिवशी तो आपोआप पुन्हा बिडच्या कक्षेत येतो. पेटी चार डझनांची की सहा, त्यावर दहाचे पंधरा करा.

---

क्लिकचा_हिशेब · १३ फेब्रुवारी

१० दिवसांचं पटतं, ते कराच. मिहिरचा मुद्दाही झटकण्यासारखा नाही. जाहिरात नसती तर जुनं गिऱ्हाईक किती वेळा आपणहून आलं असतं, हे यादीचा तक्ता सांगू शकत नाही. त्यात प्रत्येक ऑर्डर जाहिरातीच्या नावावर पडते.

बघायचंच असेल तर Customer Match ची यादी चढवण्याआधी ग्राहकांची चिठ्ठ्या टाकून दोन भागांत वाटणी करा. एका भागाला सीझनभर वगळा, दुसऱ्याला ठेवा. मेसेज दोघांनाही सारखाच. मे अखेर गूगलचे आकडे बाजूला ठेवून वहीतून मोजा, दोन्ही भागांतून एकूण किती पेट्या गेल्या. फक्त तुमची यादी किती मोठी आहे त्यावर हे अवलंबून आहे. दोन-तीनशे ग्राहकांत फरक असला तरी दिसणार नाही.

---

देवगडचा_बाबू · १४ फेब्रुवारी

ग्राहक साधारण नऊशे आहेत, त्यात नंबर वापरायला संमती असलेले सहाशेच्या आसपास. वाटले तर तीनशे-तीनशे. म्हणजे तुम्ही सांगता त्या काठावरच.

तोवर एवढं करतो: नावाची मोहीम वेगळी, मूळ बिड ₹९, कार्टवाले आणि जुने दोघांवर +65%, १० दिवसांची यादी वगळलेली, आणि निम्म्यांवर एक्सपेरिमेंट. ऑर्डर पूर्ण केलेल्यांची यादी तपासली, वहीत १८० च्या वर आणि तिथे ५२ दिसतात. टॅग आधी दुरुस्त करायला देतो.

---

टॅग_तपासनीस · १४ फेब्रुवारी

थांबा, मग तुमचे २०० आणि ५०० क्लिकांचे आकडेही त्याच गळक्या यादीवरून आले असणार. न घेतलेल्यांच्या १४ ऑर्डरींत जुनी गिऱ्हाइकं लपलेली असतील. ती वाटणी विसरा, टॅग नीट झाल्यावर पहिल्यापासून मोजा. आणि १० दिवसांची यादीसुद्धा तोवर लावून उपयोग नाही, ज्यांना वगळायचंय ते तिच्यात येणारच नाहीत.